सहा मिलिमीटरची सुरक्षा

रामदासपेठेत सध्या दोनच धंदे तेजीत आहेत. एक दवाखान्याचा, दुसरा बंगले पाडण्याचा. पहिल्यात माणसाची हाडं जोडतात, दुसऱ्यात घराची मोडतात. आमच्या शेजारचा बंगलाही मागच्या उन्हाळ्यात गेला. आधी आंबा गेला, मग ओसरी, मग कंपाउंडची भिंत, आणि त्या जागी हिरवी जाळी उभी राहिली. जाळीवर हातभर अक्षरात पाटी लागली: ‘सेफ्टी फर्स्ट’. पाटीचा नंबर पहिला लागला हे खरंच आहे. बाकी सामान मागाहून आलं.

सामान म्हणजे पिवळी हेल्मेटं, नारिंगी जॅकेटं, एक पोतंभर हातमोजे आणि खोक्यांत भरलेले काळे सेफ्टी बूट. मुकादमानं खोकी फोडली, रांग लावली आणि पंधरा मिनिटांत सगळं वाटून मोकळा झाला. पंधरा मिनिटांत चोवीस माणसांची पावलं मापायला एखादा जादूगार लागला असता. मुकादम जादूगार नव्हता. त्यानं फक्त बूट वाटले.

त्यानंतर चारेक दिवसांनी मी सकाळचा चहा घेऊन बाल्कनीत उभा होतो. खाली रॅम्पवरून सळई बांधणारा एक पोरगा उतरत होता आणि त्याच्या चालण्याचा आवाज दुहेरी येत होता. आधी बूट पडे, मग त्याच्या आत पाय पडे. लहान पोरं बापाचे जोडे घालून अंगणभर फिरतात ना, अगदी तसा. फरक एवढाच की या पोराच्या खांद्यावर बारा मीटरची सळई होती.

दुसऱ्या दिवशी जाळीशी गाठला त्याला. तुमसरकडचा होता. विचारलं, ‘काय भाऊ, बूट मोठे झाले का?’

‘मोठेच देले जी, काकाजी. मुकादम म्हणते, मोठा बरा. चावत नाही.’

नंबर किती? नऊ. आणि चपलेचा नंबर? ‘चप्पल सात घालतो मी. पण नऊचं खोकं शिल्लक होतं.’

आता ‘मोठा बरा’ हे वाक्य ऐकायला फार शहाणपणाचं वाटतं. पोराला शाळेचा गणवेश घेताना आपण हेच म्हणतो. त्याला आधार एकच: पोरगं वाढतं. बांधकामावरचा सव्वीस वर्षांचा माणूस वाढत नाही. बरं, गणवेशाच्या पुढच्या टोकात लोखंडही नसतं.

सेफ्टी बुटाच्या पुढच्या टोकात कातड्याखाली पोलादाची किंवा फायबरची एक टोपी असते. त्या एका टोपीपायी त्याला सेफ्टी म्हणायचं; बाकी तो बूटच. तिची परीक्षा कशी घेतात ते सांगतो, कारण ती भलती मजेदार आहे. आपल्याकडचं मानक आयएस १५२९८, भाग २. ते बेतलेलं आहे आयएसओ २०३४५ या जागतिक मानकावर. त्यात २० किलोचं पोलादी वजन साधारण एक मीटर उंचीवरून टोपीवर सोडतात. हिशेबाच्या भाषेत २०० जूल. तीन किलोची वीट सात मीटरवरून, म्हणजे दुसऱ्या मजल्याच्या वरून, बोटांवर पडली तर साधारण तेवढाच मार बसतो. दुसऱ्या परीक्षेत टोपी दीड टन भाराखाली दाबतात. आत बोटाच्या जागी मऊ मातीचा एक गोळा उभा केलेला असतो. वजन पडल्यावर टोपी थोडी दबते, तिच्याखाली माती चेपते आणि चेपलेल्या मातीची उंची मोजतात. सात-आठ नंबरच्या बुटात ती किमान १४ मिलिमीटर उरली पाहिजे. उरली की बूट पास.

सगळी परीक्षा मातीच्या बोटाची. खऱ्या बोटाची परीक्षा मुकादम घेतो, तीही नंबर न विचारता.

त्याच मानकात आणखी एक आकडा आहे, त्याकडे सहसा कोणी बघत नाही. टोपीची आतली लांबी. बुटाच्या आतल्या टोकापासून मागे ती टोपी किती येते? सात-आठ नंबरच्या बुटात किमान ३९ मिलिमीटर, नऊमध्ये ४०. म्हणजे संपूर्ण संरक्षण जेमतेम चार सेंटीमीटरचं. त्या चार सेंटीमीटरच्या छपराखाली बोटं असली तर वाचली. छपराच्या मागे राहिली तर वरती नुसतं कातडं.

आता तुमसरच्या पोराचा हिशेब करू. त्याला घरी बोलावलं. आला, पण दाराबाहेर बूट काढायला लागला. म्हटलं, बूट घेऊनच ये, पाहुणा तो आहे. जुन्या कॅलेंडरचं पान उलटं करून भिंतीला लावून जमिनीवर ठेवलं. टाच भिंतीला टेकवली, त्याला दोन्ही पायांवर सारखा भार देऊन उभं केलं आणि सर्वांत लांब बोटाच्या पुढे पेन्सिल उभी धरून खूण केली. बसून माप घेतलं तर पाऊल आखूड येतं, कारण अंगाचा भार पडला की पाऊल पसरतं आणि पुढे सरकतं. डावा पाय २५२ मिलिमीटर, उजवा २५४. दोन्ही पाय सारखे असणारी माणसं फक्त पुतळ्यात सापडतात. मोठं तेच माप धरायचं. तेव्हा २५४.

नंबरांचं गणितही सांगून टाकतो. आपल्याकडे बुटाचा नंबर चालतो तो विलायती. त्याचं एक घर म्हणजे एक तृतीयांश इंच, आणि ते माप आलं जवाच्या दाण्यावरून. (आपल्या जुन्या मापातही आठ यवांचं एक अंगुळ होतं. जवाच्या बाबतीत आपण इंग्रजांच्या मागे नव्हतो.) नंबरात २५ मिळवायचे, तिनानं भागायचं, की बूट ज्या साच्यावर शिवतात त्याची लांबी इंचात येते. सात नंबर: बत्तीस भागिले तीन, म्हणजे १०.६७ इंच, म्हणजे २७१ मिलिमीटर. नऊ नंबर: चौतीस भागिले तीन, म्हणजे २८८ मिलिमीटर.

बोटांच्या पुढे जागा हवी बारा ते पंधरा मिलिमीटर, साधारण अंगठ्याच्या जाडीएवढी आणि थोडी वर. चालताना पाऊल पुढे सरकतं, त्यासाठी. पोराला सात नंबर दिला असता तर पुढे १७ मिलिमीटर मोकळे राहिले असते आणि ३९च्या टोपीखाली बोटांचे २२ मिलिमीटर गेले असते. अंगठ्याचं नख आणि वर थोडं. ठीक.

दिला नऊ. पुढे मोकळे राहिले ३४. टोपी ४०ची. चाळिसातून चौतीस गेले, उरले सहा.

सहा मिलिमीटर! नखाचं टोक तेवढं पोलादाखाली, बाकी सगळी बोटं उघड्यावर. बुटाच्या पुढच्या चौतीस मिलिमीटरमध्ये हवा आहे आणि त्या हवेला २०० जूलचं संरक्षण आहे. आपल्या बिल्डरनं पैसे मोजून वीट पडली तर चेपणार नाही अशी हवा विकत घेतली.

हा हिशेब साच्याच्या लांबीवरचा. प्रत्येक कंपनीचा साचा थोडा इकडेतिकडे असतो, म्हणून आकड्यावर नुसतं भागत नाही, बुटाच्या आत डोकवावं लागतं. डोकावणं सोपं आहे. पोराच्या बुटातला सुखतळा, म्हणजे आतला सुटा सोल, ओढून बाहेर काढला. चार दिवसांच्या घामानं त्यावर बोटांचे पाच काळसर ठसे उठले होते. अंगठ्याचा ठसा कुठे? पुढच्या टोकापासून पूर्ण दोन बोटं मागे. पोरगा बघतच राहिला. ‘म्हंजे मी बुटाच्या मदातच राहून राहिलो ना जी!’ मदात म्हणजे मध्यात. भाड्याचं घर मोठं मिळालं आणि आपण एकाच खोलीत राहतोय, असं काहीतरी त्याला वाटलं असावं.

वापरलेला बूट नीट बसतो का, हे ओळखायची ही सर्वांत स्वस्त रीत. मशीन नको, पैसे नको. ठसा टोकाला चिकटलेला दिसला तर बूट आखूड, दोन बोटं मागे दिसला तर मोठा. नवा बूट असेल तर सुखतळा काढून जमिनीवर ठेवायचा, त्यावर मोज्यासकट उभं राहायचं आणि पुढे अंगठ्याची जाडी उरते का ते बघायचं. बाजूनं पाऊल बाहेर येतं का, तेही तिथेच दिसतं.

साध्या बुटाच्या दुकानात आपल्याला दुसरी सवय आहे. दुकानदार गुडघ्यावर बसतो, अंगठ्यानं बुटाचं टोक दाबतो आणि प्रसन्न होऊन म्हणतो, ‘बरोबर आहे साहेब.’ सेफ्टी बुटात तो पोलाद दाबत असतो. पोलाद नेहमी बरोबरच लागतं. इतवारीतल्या एका दुकानात मी हाच प्रयोग बघितला. दुकानदारानं टोक दाबलं, गिऱ्हाइकानं मान डोलावली, दोघांनाही बोट कुठे आहे याचा पत्ता नव्हता. लेस सैल करून पाऊल पुढे टोपीला टेकेपर्यंत सरकवायचं आणि टाचेमागे एक बोट जातं का पाहायचं, हे त्यापेक्षा कितीतरी बरं. एक बोट जावं. दोन गेली तर खाली उतरवा. एकही गेलं नाही तर वर चढवा.

आता आखूड बुटाकडे वळू, नाहीतर मुकादम म्हणेल काकाजी फक्त मोठ्याच्या मागे लागले. आखूड बुटाला लोक ‘वापरून सैल होईल’ म्हणतात. कातडं होतं सैल. पोलाद होत नाही. कोल्हापुरी चप्पल तेल लावून आठवड्यात माणसाळते, सेफ्टी बुटाची टोपी मात्र निवृत्तीपर्यंत तशीच राहते. शिवाय टोपीचं छप्पर पुढे उतरतं असतं, टोकाला उंची सर्वांत कमी. बोटं तिथे कोंबलेली असली की वजन पडल्यावर उरणारे ते मिलिमीटर आणखी कमी पडतात. आणि वजन नाही पडलं तरी रॅम्प उतरताना प्रत्येक पावलाला अंगठा आतून पोलादावर आपटतो. महिन्याभरात नख काळं पडतं. काळं नख म्हणजे दगड पडला असं नाही. बरेचदा ते बुटानंच केलेलं असतं.

आणि एक गोष्ट अशी, जी परदेशात बसून बूट बेतणाऱ्याच्या स्वप्नातही येत नसेल. आपला सळई बांधणारा उभा राहून काम करतच नाही. तो उकिडवा बसतो. स्लॅबच्या जाळीवर दिवसभर उकिडवा, टाचा उचललेल्या, सगळा भार बोटांच्या बुडाशी, आणि हातात तार पिळायचा हूक. पाऊल असं वाकलं की टोपीची मागची कड बोटांच्या वरच्या सांध्यांवर बसते. उभं राहून बूट झकास, बसलं की सुरी. म्हणून दुकानात दोन पावलं ऐटीत चालून दाखवू नका. सेफ्टी बूट घालून सरळ उकिडवं बसा, दोन मिनिटं बसा, आणि वरून काही चावतं का बघा. दुकानदार विचित्र बघेल. बघू द्या. त्याला स्लॅबवर बसायचं नाही.

वापरात असलेल्या बुटात हे बाहेरूनही कळतं. वाकताना कातड्याला जी घडी पडते ती बोटांच्या बुडाच्या सांध्यावर पडायला हवी. टोपीच्या अगदी मागे, बोटांच्या मध्यावर घडी दिसली तर बूट मोठा आहे आणि तो भलत्याच जागी वाकतोय. पोराच्या बुटाला चार दिवसांतच तिथे घडी पडली होती.

मग मोठा बूट घेतलाच का जातो? एक कारण मुकादमाचं खोकं. दुसरं मात्र खरं आहे, आणि त्यावर हसण्यासारखं काही नाही. आपली पावलं रुंद आहेत. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेनं २०२१-२२ मध्ये देशभर एक लाखावर माणसांची पावलं थ्रीडी यंत्रानं मापली. सरासरी भारतीय पाऊल युरोप-अमेरिकेतल्या पावलापेक्षा रुंद निघालं. त्यावरून ‘भा’ नावाची भारतीय मापपद्धत सुचवली गेली. म्हणजे साचा त्यांचा आणि पाय आपला, हे आता सरकारी शिक्क्यानिशी सिद्ध आहे. रुंद पावलाचा माणूस सात नंबर घालतो, करंगळी टोपीच्या बाजूच्या भिंतीला घासते, मग तो आठ घेतो, मग नऊ. रुंदीसाठी लांबी विकत घेतो. दर नंबराला रुंदी वाढते थोडी आणि लांबी वाढते साडेआठ मिलिमीटर. बोटं मात्र टोपीखालून मागे मागे सरकत जातात.

यावर इलाज रुंद तोंडाचा बूट शोधणं. कंपन्या तो बनवतात. घाऊक खोक्यात मात्र तो येत नाही, मुद्दाम मागावा लागतो.

आपल्याकडे मागण्याऐवजी जुगाड करतात. बूट मोठा झाला की आत आणखी एक सुखतळा घालायचा, नाहीतर टोकात वर्तमानपत्राचा बोळा कोंबायचा. बोळ्याची गंमत अशी की त्यामुळे बोटं टोपीच्या छपराखालून आणखीच मागे अडकून राहतात. आधी निदान पाय पुढे सरकला की बोटं आत जायची, आता बोळा जाऊ देत नाही. आणि वरून घातलेला सुखतळा पाऊल उचलून छताला लावतो. वजन पडल्यावर आत १४ मिलिमीटर उरायला हवेत, हे सांगितलंच. पाच मिलिमीटर जाडीचा फोम आत घातला की त्यातले जवळपास पाच गेले. बूट पास झाला होता तो कंपनीच्या सुखतळ्यासकट. तुमच्या सुखतळ्याची परीक्षा कोणी घेतलेली नाही, ती वीट घेईल.

पोरानं बोळा घातला नव्हता. त्यानं मोजे घातले नव्हते. ‘गरम होते जी.’ नागपूरच्या मे महिन्यात पंचेचाळीस अंशाला काळ्या बुटात पाय कसा भाजतो, हे आमच्या वातानुकूलित सेफ्टी अधिकाऱ्याला समजणं कठीण आहे. पण मोजा नसला की घामानं पाय आत घसरतो आणि टाच सोलते. जाड सुती मोजा घालूनच माप घ्यावं, आणि तेही दुपारनंतर. सकाळचं पाऊल आणि दिवसभर उभं राहून सुजलेलं पाऊल, ही दोन वेगळी पावलं आहेत. बूट दुसऱ्याला घालायचा असतो.

आता हातमोजे. मुकादमाच्या पोत्यावर लिहिलं होतं ‘फ्री साइज’. फ्री म्हणजे फुकट असं समजून मी आधी सोडून दिलं होतं. जवळून बघितलं तर मनगटाच्या शिवणीत बारीक छापलं होतं: १०.

हातमोज्याचा नंबर बुटापेक्षा सोपा. शिंप्याची टेप घ्या, अंगठा वगळून तळहाताभोवती, चारी बोटांच्या गाठींच्या जरा खाली, गुंडाळा. जेवढे इंच तेवढा नंबर. आठ इंच आले तर आठ. एवढं साधं असूनही कोणी टेप काढत नाही, कारण हात काय, आत जातोच.

त्या साइटवर विटा-रेती उचलणाऱ्या पाच बाया आहेत. रेजा म्हणतात त्यांना. त्यातल्या एकीचा हात मापला. आधी तिला वाटलं मी बांगड्यांचं माप घेतोय, बाकीच्या चौघी खूप हसल्या. पावणेसात इंच. म्हणजे नंबर सात. सात नंबरचा मोजा साधारण १७१ मिलिमीटर लांबीच्या हातासाठी, दहाचा २०४साठी. फरक तेहेतीस मिलिमीटर. बुटात चौतीस, हातात तेहेतीस. एकदा तीन सेंटीमीटरचा घोळ घालायचा ठरला की मुकादम त्यात सातत्य राखतो, हे मान्य करायला हवं.

बाई मोजा घालून घमेलं उचलायची तेव्हा बोटांच्या पुढे रिकाम्या शेंड्या लोंबायच्या. घमेल्याची कड आधी त्या शेंड्या पकडायची, मग बोटं. पकड बसावी म्हणून ती दुप्पट जोर लावायची. तासाभरात तिनं मोजे काढून कमरेला खोचले आणि काम सुरू ठेवलं. मुकादम ओरडला, ‘बाई, मोजे घाल!’ ती म्हणाली, ‘तुमी घालून उचला ना घमेलं.’ मुकादमानं विषय बदलला.

असा मोठा मोजा काँक्रीटच्या कामात जास्त वाईट. त्याचं मनगट उघडं राहतं आणि ओलं सिमेंट आत शिरतं. ओलं सिमेंट चुन्यासारखं जहाल क्षारी असतं, ते लगेच झोंबत नाही, म्हणून कळत नाही. मोज्याच्या आत कातडीला लावून दिवसभर ठेवलं की संध्याकाळी हात धुताना कातडी निघते. उघड्या हातावरचं सिमेंट निदान दिसतं आणि धुतलं जातं. मोज्यातलं हातावर मुरतं. अंगचा मोजा मनगटाला घट्ट असावा, बोटांच्या टोकाला जेमतेम दोन-चार मिलिमीटर सैल असावा, आणि मूठ आवळल्यावर अंगठ्याच्या बेचक्यात ताणू नये. तिथे ताणला तर आठवड्यात तिथेच फाटतो. फाटलेला मोजा बघायचा तर बेचकं बघा, बोटं नको.

आणि फिरत्या यंत्रापुढे, म्हणजे ड्रिल, मिक्सरचा गिअर, फिरता शाफ्ट, तिथे मोजा मापाचा असो की बिनमापाचा, नकोच. शेंडी अडकली तर यंत्र बोट मागत नाही, हात घेऊन जातं.

बायांच्या बुटांचं काय झालं, ते राहिलंच. त्याच बाईचं पाऊल मापलं, २२८ मिलिमीटर. तिला चार नंबर लागतो, २४५चा. खोक्यात सर्वांत लहान होता सहा, २६२चा. पुढे चौतीस मिलिमीटर मोकळे. टोपी ३८ची. उरले चार. तिनं बूट घरी नेले, घरधन्याला दिले आणि ती प्लास्टिकच्या सपातांवर सेंट्रिंगच्या फळ्यांत फिरत होती, जिथे खिळे वर तोंड करून बसलेले असतात. आपल्या राज्याच्या बांधकाम कामगार मंडळाच्या सुरक्षा संचात सेफ्टी बूट आणि हातमोजे दोन्ही आहेत. यादीत नाव असणं आणि पायात माप असणं, या दोन वेगळ्या नोंदी आहेत. दुसरी नोंद ठेवायला रजिस्टरमध्ये एक रकाना लागतो, बस्स.

तो रकाना आम्ही पाडला. मी, मुकादम आणि तुमसरचा पोरगा, रविवारी दुपारी, चार वाजता, पाय सुजल्यावर. कॅलेंडरची बारा पानं, एक पेन्सिल, एक शिंप्याची टेप. चोवीस माणसं, चाळीस मिनिटं. मुकादमाला आधी वाटलं काकाजींना रिटायरमेंटनंतर काही काम नाही. (खरं आहे.) पण मापं लिहून झाल्यावर तोच गप्प झाला. चोवीसपैकी नऊ जणांनाच बरोबर नंबर मिळाला होता, आणि त्यातला एक तो स्वतः.

आम्हा रामदासपेठकरांना हे इतकं नवं वाटायचं कारण नाही. जॉगिंगचे जोडे घ्यायचे तर आम्ही शोरूममध्ये काचेवर उभे राहतो, पडद्यावर आमच्या तळव्याचा लाल-पिवळा नकाशा उमटतो, मग तरुण मुलगा गंभीर चेहऱ्यानं सांगतो की सर, तुमची कमान जरा खाली आहे. लेंड्रा पार्कला दोन फेऱ्या मारण्यासाठी एवढी तयारी. तिथे वरून पडतं ते फक्त कडुनिंबाचं पान.

सोमवारी मुकादमानं बदलायच्या बुटांची यादी घेऊन दुकानदाराला फोन लावला. मी शेजारीच उभा होतो. सात नंबरचे सहा, आठचे चार, रुंद तोंडाचे दोन, आणि चार नंबरचे तीन. पलीकडे जरा शांतता झाली. मग दुकानदारानं विचारलं, ‘चार नंबर? शाळेचे बूट पायजे का सेफ्टी?’

चार नंबरचे अजून आले नाहीत. तिसऱ्या स्लॅबची तारीख पुढच्या गुरुवारची आहे.